संगमरवरावरचे पांढरे डाग परत परत येतात, त्याचं कारण आणि उपाय (माडीच्या सागवानी फळ्यांसह)

भाडेकरू मंडळींना नमस्कार.

दर पावसाळ्यानंतर एकच तक्रार कानावर येते. "काकाजी, फरशीवर पांढरे डाग पडलेत. पोछा मारला की जातात, वाळलं की परत दिसतात." मग कुणी दुकानातून जास्त कडक औषध आणतं, कुणी लिंबू घासतं, कुणी सोडा आणि व्हिनेगर एकत्र करतं. आठ दिवस बरं वाटतं आणि नंतर तोच डाग आधीपेक्षा मोठा दिसतो. हे असं का होतं आणि त्यावर काय करायचं, ते एकदा सविस्तर लिहून ठेवतो. खालच्या खोल्यांत पांढरा संगमरवर आहे आणि माडीवर जुन्या सागवानी फळ्या आहेत. दोघांची प्रकृती वेगळी असल्यामुळे दोघांना चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या गोष्टीही वेगळ्या आहेत.

आपलं गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे, हे आधी लक्षात घ्या. बोअरचं पाणी खारं आहे आणि जडही आहे. खारं म्हणजे त्यात मीठ विरघळलेलं आहे, जड म्हणजे त्यात चुना विरघळलेला आहे. हेच पाणी फरशीवर वाळलं की पाणी उडून जातं आणि दोन्ही गोष्टी मागे राहतात. त्यामुळे आपल्याकडे फरशीवरचा पांढरा डाग तीन प्रकारचा असू शकतो. दिसायला तिन्ही सारखेच. पण एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की नुकसान होतं, म्हणून आधी डाग कोणता ते ओळखायचं आणि मगच हात लावायचा.

डाग ओळखायची रीत

पिण्याच्या जारचं किंवा फिल्टरचं गोड पाणी वाटीभर घ्या. स्वच्छ सुती फडकं त्यात भिजवून डागाच्या फक्त अर्ध्या भागावरून फिरवा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या. बोअरचं पाणी इथे उपयोगाचं नाही, ते वाळताना नवा थर सोडून जातं. तो अर्धा भाग साफ झाला आणि उरलेला अर्धा पांढराच राहिला, तर ते नुसतं मीठ आहे. त्याला कोणतंच औषध लागत नाही. गोड्या पाण्याने पुसा, कोरडं करा, काम संपलं.

गोड्या पाण्याने फरक पडला नाही, तर डागावरून नख फिरवा. बोटाला खरखर लागली, थर फरशीच्या वर आल्यासारखा वाटला आणि नखाखाली पांढरी भुकटी आली, तर तो चुन्याचा थर आहे. मोरीच्या कडेला, हात धुवायच्या बेसिनखाली आणि माठ ठेवतो त्या जागी हा हमखास असतो.

नखाला काहीच लागलं नाही, फडक्यावर काही आलं नाही, तर खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरा. आजूबाजूचा दगड चमकतो आहे आणि डागाच्या आत मात्र चमक नाही, असं दिसलं तर समजा की तिथे वर काहीच बसलेलं नाही. उलट तिथला दगडच खाल्ला गेला आहे. हा डाग ओला केला की नाहीसा होतो, कारण दगडावर पडलेले बारीक खड्डे पाण्याने भरतात आणि पृष्ठभाग तात्पुरता सपाट होतो. पाणी उडालं की खड्डे उघडे पडतात आणि डाग परत दिसतो. "पुसला की जातो, वाळला की येतो" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

संगमरवराला अ‍ॅसिड का चालत नाही

बेसिनखालचा तो चुन्याचा थर आणि संगमरवर, हे दोन्ही मुळात एकाच पदार्थाचे आहेत. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट. म्हणून थर विरघळवणारं कोणतंही औषध खालचा दगडही तितक्याच सहज विरघळवतं. थर कुठे संपला आणि फरशी कुठे सुरू झाली, हे त्या औषधाला कळायला काही मार्गच नाही. "फक्त क्षार काढतं, फरशीला काही करत नाही" असं बाटलीवर लिहिलेलं असेल, तर ते चिनी मातीच्या भांड्यासाठी किंवा चकाकी चढवलेल्या टाइलसाठी खरं आहे, संगमरवरासाठी नाही. टाइलच्या वरचा पापुद्रा काचेसारखा असतो, त्याला हे औषध लागत नाही. संगमरवरावर असा पापुद्रा नाही. जी चमक दिसते ती दगड घासून घासून आणलेली असते.

मधल्या खोलीतल्या ताईंच्या बाबतीत काय झालं, ते त्यांच्या परवानगीने सांगतो, म्हणजे सगळ्यांना नेमकं समजेल. त्यांच्या बेसिनखाली चुन्याचा थर जमला होता. त्यांनी संडास साफ करायचं औषध पाण्यात मिसळून त्यावर ओतलं. लगेच बारीक फेस आला, चर्र असा आवाज झाला. मळ निघतो आहे असं वाटून त्यांनी ते थोडा वेळ तसंच राहू दिलं आणि मग ब्रशने घासलं. त्या औषधात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. फेस म्हणजे चुना विरघळताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड वायू. थर होता तोवर थराचा फेस आला, थर संपल्यावर फरशीचा. दिसायला दोन्ही सारखेच.

धुतल्यावर ओली फरशी छान दिसली. संध्याकाळी ताटाएवढा पांढुरका पट्टा उमटला. आता तिथला दगड खडबडीत झाला होता, त्यामुळे शेतातून पायाला येणारी काळी माती त्यात लवकर बसायला लागली. पट्टा काळपट दिसू लागला म्हणून परत तेच औषध, परत फेस, परत थोडा दगड कमी. पुढच्या प्रत्येक वेळी मळ आणखी लवकर धरत गेला. ताई फरशीची काळजी घेत होत्या, वाईट याचंच वाटतं की जितकी काळजी घेतली तितकं नुकसान वाढत गेलं.

त्याच पट्ट्याशेजारी एक गोल कडं आहे, जणू कंपासने काढलेलं. बाटली वापरून झाल्यावर तिच्या अंगावरून ओघळलेला थेंब बुडाशी गेला आणि बाटली तिथे टेकवून ठेवली होती. त्या एका थेंबाने बुडाच्या मापाचं कडं दगडात कोरलं. म्हणून फरशीवर ओतायचं नाही इतकंच पुरेसं नाही. ही बाटली संडासाच्या आतच राहू द्या, संगमरवरावरून हातात घेऊन फिरू नका आणि कुठेही टेकवू नका. संडासाच्या भांड्यासाठी ती खुशाल वापरा, त्याला माझी ना नाही. वापरून झाल्यावर झाकण मात्र घट्ट लावा.

आणखी काय टाळायचं

बाटलीच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलं आहे ते वाचायची सवय ठेवा. हायड्रोक्लोरिक, फॉस्फोरिक, सल्फॅमिक, सायट्रिक, अ‍ॅसेटिक यांपैकी एकही नाव दिसलं तर ते खालच्या खोल्यांत फरशीला लावायचं नाही. टाइल साफ करायच्या बहुतेक औषधांत यांपैकी काहीतरी असतंच. बाजारात सुट्या बाटलीत विकायला येतं ते "अ‍ॅसिड" तर घरातच आणू नका. त्यावर नाव नसतं, किती कडक आहे हे कळत नाही, आणि लेकरांच्या घरात ते ठेवणंच धोक्याचं आहे.

लिंबू आणि व्हिनेगर "नैसर्गिक" आहेत म्हणून निरुपद्रवी वाटतात. दगडाच्या दृष्टीने तेही अ‍ॅसिडच. काम सावकाश करतात, एवढाच फरक. सांडलेलं ताक, संत्र्याचा रस, चिंचेचं पाणी, अंबाडीचं सरबत, काळं थंड पेय, हे सगळं लगेच टिपून घ्या आणि तिथे पाण्याचा हात फिरवा. संत्र्याच्या दिवसांत लेकरं जमिनीवर बसून संत्री सोलतात तेव्हा खाली वर्तमानपत्र अंथरा, एवढं केलं तरी पुष्कळ. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायची युक्ती तर पूर्ण सोडून द्या. दोघं एकमेकांचा जोर मारतात, हाती नुसतं खारट पाणी उरतं, आणि तोवर व्हिनेगरने आपलं काम फरशीवर केलेलं असतं.

कपडे धुवायची पावडर अ‍ॅसिड नाही, तरीही रोजच्या पोछ्याला नको. ती पूर्ण निघत नाही, फरशीवर धूसर थर राहतो आणि त्याला माती चिकटते. अंगाच्या किंवा कपड्याच्या साबणाची वडी आपल्या जड पाण्यात चुन्याशी मिळून चिकट पांढरी साय धरते, तीही फरशीवरच बसते. भांड्याची घासणी आणि तारेचा चोथा यांनी ओरखडे येतात. तारेचे तुकडे फरशीत अडकले तर गंजून पिवळे ठिपके पडतात ते वेगळेच. काळं फिनाईल पांढऱ्या दगडावर डाग धरतं. पांढरं फिनाईल तेलकट थर सोडतं, म्हणून तेही रोज नको.

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. ब्लीचचं पाणी आणि संडासाचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. एकामागून एक एकाच मोरीत ओतूही नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो छातीत भरतो. चुकून तसं झालं तर साफसफाई तिथेच सोडायची, माणसांना बाहेर काढायचं, दारं-खिडक्या उघडायच्या आणि वास पूर्ण गेल्याशिवाय आत जायचं नाही. खोकला किंवा छातीत जळजळ राहिली तर सरळ दवाखाना.

अ‍ॅसिड सांडलंच तर

फडक्याने पसरवत बसू नका, डाग मोठा होतो. आधी भरपूर पाणी ओता आणि ते मोरीकडे लोटा. मग खायचा सोडा सढळ हाताने भुरभुरा. फेस येईल. फेस यायचा थांबला की तिथलं अ‍ॅसिड संपलं असं समजा, आणि परत पाण्याने धुऊन कोरडं करा. हात लावायच्या आधी रबरी हातमोजे घाला, नसतील तर निदान पिशवी गुंडाळा. एवढं पहिल्या काही मिनिटांत झालं तर डाग राहिला तरी हलका राहतो.

आणि मला त्याच दिवशी सांगा. हलक्या डागासाठी मी कुणाच्याही डिपॉझिटमधून पैसे कापणार नाही. लपवून ठेवलेल्या आणि पुन्हा पुन्हा औषध लावून वाढवलेल्या डागाला मशीन लावावी लागते, तो खर्च मात्र मोठा असतो.

चुन्याचा थर काढायचा असेल तर

औषध नाही, हाताने. जागा ओली ठेवा. जुन्या एटीएम कार्डाची कड आडवी धरून थर हळूहळू खरवडा. घट्ट असेल तर नवी ब्लेड फरशीला जवळजवळ सपाट टेकवून पुढे सरकवा. तिचा कोपरा दगडात रुतू देऊ नका. पाणी वाळू लागलं की परत ओलं करा. थर जिथवर उचलला जातो तिथवरच काढायचा. शेवटचा पातळ पापुद्रा राहिला तर राहू द्या, तो पॉलिशच्या वेळी निघेल. परत थर जमू नये यासाठी बेसिनच्या नळाचं गळणं थांबवावं लागतं. नळ गळत असेल तर मला कळवा, वायसर बदलून देणं माझं काम आहे.

रोजचा पोछा

आधी मऊ झाडूने झाडून घ्या. ही पायरी गाळू नका. वाळूचा कण संगमरवरापेक्षा कितीतरी कठीण असतो, पोछ्याखाली तो आला की चमक घासून काढतो. मग बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या साध्या लिक्विडचे चार-पाच थेंब, त्यापेक्षा जास्त नको. जास्त घातलं म्हणजे जास्त स्वच्छ होत नाही, थर राहतो. त्यानंतर नुसत्या पाण्याचा एक हात आणि शेवटी कोरडं फडकं. आपल्या पाण्यात हे शेवटचं कोरडं फडकं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पाणी फरशीवर वाळू दिलं की मीठ तिथेच राहतं. नळयोजनेचं गोड पाणी येतं त्या दिवशी एक बादली पोछ्यासाठी भरून ठेवता आली तर उत्तम.

पुष्कळ घरी पोछ्याच्या पाण्यात मूठभर खडेमीठ टाकायची रीत आहे. तुमच्या श्रद्धेला मी काही म्हणत नाही, पण इथल्या पाण्यात मीठ आधीच भरपूर आहे. मीठ ठेवायचंच असेल तर वाटीत घालून कोपऱ्यात ठेवा, पाण्यात नको. माडीवर तर अजिबात नको, त्याचं कारण पुढे आहे.

माडीच्या फळ्या

सागवानाला अ‍ॅसिडपेक्षा पाण्याची भीती जास्त. फळ्या वरून पॉलिश केलेल्या आहेत, पण सांध्यांच्या आत आणि खालच्या बाजूला लाकूड उघडं आहे. बादलीने पाणी ओतून पोछा मारला की पाणी सांध्यात उतरतं, तिथून लाकूड फुगतं आणि फळीच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात. बोट आडवं फिरवलं की कड लागते. ती लागायला लागली की पाणी जास्त होतं आहे असं समजा आणि ओला पोछा काही दिवस पूर्ण बंद ठेवा. उन्हाळ्यात फळ्या आकसतात, सांधे उघडतात, हे नेहमीचंच आहे. तेव्हा त्या फटीत लांबी किंवा सिमेंट भरू नका. पावसाळ्यात लाकडाला फुगायला तीच जागा लागते.

मीठ हवेतलं पाणी ओढतं. खाऱ्या पाण्याने पुसलेली फळी श्रावण-भादव्यात दमट आणि चिकट राहते, तिथे बुरशी धरते. म्हणून माडीवर फक्त गोडं पाणी, तेही इतकं कमी की फडकं पिळल्यावर त्यातून थेंब पडता कामा नये. लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसा. पुसलेली जागा एक-दोन मिनिटांत आपोआप कोरडी झाली तर प्रमाण बरोबर. रोज नुसतं झाडणं आणि कोरडं फडकं, ओलं फडकं आठवड्यातून एकदा, एवढं पुरतं.

फिनाईल, धुण्याचा सोडा, ब्लीच आणि काच पुसायचं अमोनियाचं औषध, ही चार लाकडाला नकोत. सोड्याने पॉलिश उतरतं आणि लाकूड काळवंडतं, ब्लीचने रंग उडून पांढरट चट्टे पडतात. रॉकेलचा हात फिरवला की वाळवी लागत नाही असं जुने लोक सांगतात. रॉकेलने पॉलिश मऊ पडतं, वास महिनाभर जात नाही, आणि लाकडी माडीवर गॅस पेटत असताना ते करणं म्हणजे आगीला बोलावणं. वाळवीची माती किंवा भुसा दिसला तर मला सांगा, त्याचं औषध वेगळं आहे आणि ते मी लावून घेईन. चमकीसाठी खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेलही लावू नका. ते वाळत नाही, त्याला धूळ धरते आणि मग फळी काळी पडते.

लोखंडी बादली किंवा पेटी ओल्या फळीवर ठेवली तर गंज आणि लाकडातला कस मिळून काळं कडं उमटतं. ते फडक्याने जात नाही. पेटीखाली रबराचे तुकडे ठेवा, कुंडीखाली थाळी. असंच कडं संगमरवरावर गॅसच्या टाकीने पिवळं उमटतं, म्हणून टाकीखालचा प्लॅस्टिकचा स्टँड काढू नका.

आधीच पडलेल्या डागांचं काय

संगमरवरावरचा हलका डाग, म्हणजे नखाला लागत नाही पण चमक गेली आहे असा, पॉलिशच्या भुकटीने ओल्या फडक्यावर घासून बराच परत येतो. ते काम माहितगाराने करायचं. नखाला कड लागत असेल तर दगड तेवढा खाली गेला आहे, तिथे भुकटी पुरत नाही. मशीनवर आधी जाड आणि मग बारीक दाण्याचे दगड लावून आजूबाजूची फरशी त्या पातळीला आणावी लागते. मधल्या खोलीतलं काम त्यातच मोडतं.

पॉलिशवाला शेवटी एक पांढरी पावडर लावून घासतो, ती ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची असते. "काकाजी, तो अ‍ॅसिड लावतो मग आम्ही का नाही?" असा प्रश्न मागे एका दादांनी विचारला, आणि प्रश्न बरोबर होता. ते अ‍ॅसिड दगडातल्या कॅल्शियमशी मिळून सहज न विरघळणारा पातळ थर करतं, आणि तो मशीनखाली दाबून घासला की चमक येते. हाताने लावून ठेवलं तर चमक येत नाही, चट्टे पडतात. शिवाय ती पावडर पोटात गेली तर विषारी आहे. दिसायला मीठ-साखरेसारखी, त्यामुळे लेकरांच्या घरात तर नकोच. पॉलिशवाल्याने उरलेली पुडी मागे ठेवली तर माझ्याकडे आणून द्या.

मशीनवाला दिवाळीच्या आधी तालुक्याहून येणार आहे. ज्यांच्याकडे डाग आहेत त्यांनी खोली, जागा आणि नखाला लागतो की नाही, एवढं मला कळवा. त्या दिवशी खोलीतलं सामान एका भिंतीला लावून ठेवा, कपडे आणि भांडी झाका, कारण दगडाचा राडा उडतो. माडीच्या फळ्यांचं पॉलिश त्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर काढू. ते ओलं असेपर्यंत माडीवर कुणी झोपू नये. वास डोक्यात चढतो, आणि तेवढ्या रात्रींसाठी खालची पुढची खोली मोकळी ठेवतो.